एबिटडा एक कोटी ऐंशी लाख, तरीही सीसी खाते काठोकाठ: भोसरीतील एका वर्कशॉपचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखानदारांनी मागच्या वर्षीचे आकडे माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "साहेब, सी.ए. म्हणतात एबिटडा एक कोटी चाळीसवरून एक कोटी ऐंशी लाखांवर गेला. मग आमची सीसी वर्षाच्या शेवटी पूर्ण का भरली आहे, आणि मार्चचे पगार करायला मला घरचे पैसे का घालावे लागले?" सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलण्याचे कर्जखाते, आणि ते भरले म्हणजे ती मर्यादा जवळजवळ संपली. बँकेला द्यायचे कर्जप्रस्ताव आणि त्यासोबतचा सीएमए डेटा, म्हणजे आर्थिक आकड्यांचे तक्ते, तयार करणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न मी पुण्यातील बऱ्याच कारखान्यांत ऐकला आहे. प्रश्न अत्यंत योग्य आहे आणि त्याचे उत्तर एबिटडा या आकड्याच्या घडणीतच आहे. खालील आकडे त्याच कारखान्याचे आहेत. ओळख पटू नये म्हणून ते बदलले आहेत आणि समजायला सोपे जावे म्हणून पूर्णांकात घेतले आहेत, परंतु त्यांचे परस्परांतील प्रमाण तसेच ठेवले आहे.

एबिटडा म्हणजे व्याज, आयकर, घसारा आणि अमूर्त मालमत्तेचे निर्लेखन हे चार खर्च वजा करण्यापूर्वीचा नफा. या कारखान्याची वर्षाची विक्री 12 कोटी रुपये होती. कच्चा माल, टूल्स, मजुरी, वीज, शेडचे भाडे आणि इतर चालू खर्च मिळून 10 कोटी 20 लाख रुपये झाले. उरलेले 1 कोटी 80 लाख म्हणजे एबिटडा. त्यातून 60 लाख घसारा वजा केला, 44 लाख रुपये व्याज व बँकेचे शुल्क वजा केले, की करपूर्व नफा 76 लाख राहतो. त्यावर सुमारे 19 लाख कर भरल्यानंतर निव्वळ नफा 57 लाख उरतो.

एबिटडा मोजण्यामागचा विचार चुकीचा नाही, हे आधी नमूद करायला हवे. एकाने कर्ज काढून मशीन घेतले आणि दुसऱ्याने स्वतःच्या भांडवलातून घेतले, तर दोघांचे व्याज वेगळे असते. एकाची यंत्रे नवी आणि दुसऱ्याची जुनी असतील तर घसारा वेगळा असतो. हे फरक बाजूला ठेवून शॉपफ्लोअरवरचा धंदा कसा चालला आहे, हे पाहायचे असेल तर हा आकडा उपयोगी पडतो. अमेरिकेत केबल टीव्हीच्या जाळ्यांवर मोठा खर्च करणाऱ्या टीसीआय या कंपनीचे प्रमुख जॉन मलोन यांनी हे मोजमाप प्रचलित केले असे मानले जाते, आणि पुढे कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्यांनी ते उचलून धरले. मात्र आपल्या कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये नफा-तोटा पत्रकाचा जो नमुना दिला आहे, त्यात एबिटडा नावाची ओळ नाही. त्यामुळे त्यात काय धरायचे आणि काय वगळायचे, हे बऱ्याच अंशी मांडणाऱ्याच्या हाती राहते.

आता कारखानदारांच्या प्रश्नाकडे वळू. वर्षभरात हे 1 कोटी 80 लाख कुठे गेले, ते क्रमाने पाहू. आयकराचे 19 लाख गेले, उरले 1 कोटी 61 लाख. व्याजाचे 44 लाख गेले, उरले 1 कोटी 17 लाख. मशीनसाठी घेतलेल्या 3 कोटींच्या टर्म लोनचे मुद्दल पाच वर्षांत फेडायचे असल्यामुळे वर्षाचे 60 लाख गेले, उरले 57 लाख. हे मुद्दल नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसत नाही, ते थेट ताळेबंदात उतरते. म्हणून पत्रक वाचून खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या मालकाच्या नजरेतून ते सहज निसटते. इथे उरलेले 57 लाख आणि निव्वळ नफ्याचे 57 लाख एकच आहेत, हा योगायोग आहे. या वर्षी घसारा आणि मुद्दल दोन्ही 60 लाख असल्यामुळे ते जुळले.

इथपर्यंत कारखाना ठीक दिसतो. खरा खड्डा उधारीत पडला.

आधल्या वर्षी विक्री 10 कोटी होती आणि ग्राहक सरासरी 60 दिवसांत पैसे देत होते, म्हणजे जीएसटी बाजूला ठेवला तरी सुमारे 1 कोटी 64 लाख रुपये कायम ग्राहकांकडे अडकलेले असत. या वर्षी विक्री 12 कोटी झाली आणि चाकणच्या मोठ्या ग्राहकाने पैसे देण्याचा काळ हळूहळू 75 दिवसांवर नेला. आता अडकलेली रक्कम सुमारे 2 कोटी 47 लाख झाली. म्हणजे 83 लाख रुपये विक्री म्हणून नोंदले गेले, नफ्यातही मोजले गेले, परंतु खात्यात आले नाहीत. वाढीव ऑर्डरसाठी बार आणि फोर्जिंगचा साठा 15 लाखांनी वाढवावा लागला. स्टीलवाला मात्र उधारी फारशी वाढवून देत नाही, त्याच्याकडून जेमतेम 10 लाखांचा जास्तीचा आधार मिळाला. एकूण 88 लाख रुपये खेळत्या भांडवलात गुंतले. हाताशी होते 57 लाख, म्हणजे 31 लाखांची तूट आली.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असे 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो आणि उशीर झाल्यास व्याजाची तरतूदही करतो. परंतु ज्या ग्राहकावर निम्मी विक्री अवलंबून आहे त्याच्याकडे व्याजाची मागणी करणारा कारखानदार माझ्या पाहण्यात फार क्वचित आला आहे, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. एबिटडाच्या दृष्टीने पाहिले तर 45 दिवसांत आलेला रुपया आणि 75 दिवसांत आलेला रुपया यांत काहीच फरक नसतो. उलट विक्री वेगाने वाढते तेव्हा एबिटडाही वाढतो आणि त्याच वेळी रोकड आटते. चांगल्या ऑर्डर असलेले कारखाने अडचणीत येतात ते अनेकदा याच टप्प्यावर.

दुसरा भाग घसाऱ्याचा आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण "घसारा हा केवळ कागदावरचा खर्च आहे" हे वाक्य पुण्यात मी जितक्या वेळा ऐकले आहे तितके दुसरे कोणतेच ऐकले नसेल. या वर्षी घसाऱ्यापोटी कोणाला धनादेश दिला गेला नाही, एवढ्यापुरते ते खरे आहे. धनादेश मशीन घेतले तेव्हा दिला होता आणि ते मशीन बदलताना पुन्हा द्यावा लागणार आहे.

या कारखान्यात 12 व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी संगणक-नियंत्रित मशीन, आहेत आणि त्यांतील बहुतेक तीन पाळ्यांत चालतात. एक मशीन सरासरी 40 लाखांचे धरले आणि अशा वापरात ते दहा वर्षे अचूक काम देईल असे मानले, तर दरवर्षी सरासरी 48 लाख रुपये केवळ आहे ती क्षमता टिकवण्यासाठी लागतात. त्यात एकही जादा भाग तयार होत नाही. हा खर्च एबिटडात नाही आणि तो टाळता येतो, निदान काही काळ. टाळला जात आहे हे हिशेबाच्या वहीत दिसण्याआधी शॉपफ्लोअरवर दिसते. स्पिंडलचा, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याचा, आवाज बदलतो, डायल लावून पाहिले तर रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, वाढलेला असतो, ऑपरेटर प्रत्येक सेटिंगला ऑफसेट बदलत राहतो आणि ज्या बोअरला दोन मायक्रॉनची काळजी नव्हती तिथे रिजेक्शन सुरू होते. त्या कारखान्यात सात नंबरच्या मशीनजवळ नाकारलेल्या हाउसिंगचा लाल ट्रे काठापर्यंत भरलेला मी स्वतः पाहिला. सुपरवायझर म्हणाले, "मागच्या दिवाळीपर्यंत हा ट्रे आठवड्याला निम्माही भरत नव्हता." पुढच्या वर्षी एबिटडा का घसरेल, याचे कारण त्या ट्रेमध्ये आत्ताच पडलेले होते.

तरीही कारखानदारांनी वर्षभरात यंत्रांवर 35 लाख खर्च केले होते. त्यांतील 29 लाखांचे एक जुने व्हीएमसी घेतले आणि 6 लाख रुपये एका मशीनचे स्पिंडल नव्याने बांधून घेण्यासाठी लागले. आधीची 31 लाखांची तूट आणि हे 35 लाख मिळून 66 लाख झाले. वर्षाच्या सुरुवातीला 2 कोटी मर्यादेच्या सीसी खात्यातून 1 कोटी 30 लाख वापरले होते, शेवटी 1 कोटी 96 लाख झाले. सीसी का भरली, याचे उत्तर एवढेच होते. पगाराच्या आठवड्यात उरलेल्या चार लाखांत भागले नाही म्हणून घरचे पैसे लागले.

बँक हे कसे पाहते? कर्ज एबिटडाच्या किती पट आहे, हे गुणोत्तर बँकाही काढतात. इथे टर्म लोनचे उरलेले 2 कोटी 40 लाख आणि सीसीचे 1 कोटी 96 लाख मिळून 4 कोटी 36 लाख, म्हणजे एबिटडाच्या सुमारे 2.4 पट होतात, आणि हा आकडा घाबरवणारा नाही. परंतु सावध अधिकारी तिथे थांबत नाहीत. कोविडच्या काळात कर्जांच्या पुनर्रचनेसाठी के. व्ही. कामत समितीच्या शिफारशींवरून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2020 मध्ये पाच गुणोत्तरे ठरवून दिली. त्यांत कर्ज आणि एबिटडा यांचे गुणोत्तर होते, पण ते एकटे नव्हते. त्याच्या शेजारी चालू गुणोत्तर होते, आणि कर्जफेड क्षमतेचे गुणोत्तर, म्हणजे डीएससीआर, दरवर्षी किमान 1 आणि सरासरी किमान 1.2 असावे अशी अट होती. तो डीएससीआर काढताना एबिटडा घ्यायचा नव्हता. कर भरल्यानंतरच्या रोख नफ्यात व्याज मिळवून, त्याला व्याज अधिक वर्षात देय मुद्दल यांनी भागायचे होते.

आपल्या कारखान्यात वर्षाचे व्याज आणि मुद्दल मिळून 1 कोटी 4 लाख होतात. सरळ एबिटडाला त्याने भागले तर 1.73 येते. कर वजा करून, म्हणजे 57 लाख नफा, 60 लाख घसारा आणि 44 लाख व्याज यांच्या 1 कोटी 61 लाखांना भागले तर 1.55 येते. यंत्रांवरचे 35 लाख आधी बाजूला काढले तर 1.21 उरते. उधारीत आणि साठ्यात गुंतलेले 88 लाखही वजा केले, तर हातात 38 लाखच राहतात आणि गुणोत्तर 0.37 इतके खाली येते. वर्ष तेच आणि कारखानाही तोच. एकेक वगळलेली गोष्ट परत आत घेत गेलो एवढाच फरक.

शेवटचा आकडा वाचताना न्याय करायला हवा. खेळत्या भांडवलाची वाढ टर्म लोन फेडण्याच्या पैशांतून न भागवता सीसीतून भागवावी, यासाठीच सीसी असते, त्यामुळे 0.37 म्हणजे कारखाना बुडाला असे नव्हे. विक्री 12 कोटींवर स्थिरावली आणि ग्राहकाने 75 दिवसांचे 90 केले नाहीत, तर पुढच्या वर्षी ही गळती थांबेल. परंतु याच शक्यतेची खात्री करण्यासाठी बँकेचा अधिकारी दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट मागतो आणि येण्यांची वयानुसार विभागणी पाहतो. 90 दिवसांवर गेलेली येणी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, मोजताना सहसा वगळली जातात. म्हणजे ग्राहक आणखी थोडा लांबला, तर पैशांची गरज वाढेल आणि नेमक्या त्याच वेळी सीसीतून उचलता येणारी रक्कम कमी होईल. एबिटडा त्या महिन्यातही चांगलाच दिसत असेल.

आतापर्यंत आपण आकडा प्रामाणिकपणे काढला आहे असे गृहीत धरले. परंतु एकही रुपया इकडचा तिकडे न होता एबिटडा बदलू शकतो. वर आलेल्या स्पिंडलच्या 6 लाखांचेच पाहा. ते दुरुस्ती म्हणून खर्चात टाकले असते तर एबिटडा 1 कोटी 74 लाख झाला असता. लेखापालांनी त्यामुळे मशीनचे आयुष्य वाढले असे मानून ते मालमत्तेत धरले, म्हणून 1 कोटी 80 लाख दिसला. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो आणि इथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण हीच वाट मोठ्या प्रमाणावर वापरली की काय होते, हे जगाने 2002 मध्ये वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत पाहिले. दुसऱ्यांच्या लाइन वापरण्यासाठी दिलेले चालू खर्च तिने भांडवली खर्च म्हणून दाखवले, आणि जून 2002 मध्ये प्रथम उघड झालेली रक्कमच 3.8 अब्ज डॉलर होती. खर्च मालमत्तेत गेला की तो पुढे घसारा होऊन येतो आणि एबिटडा घसाऱ्याच्या वरच थांबतो, त्यामुळे अशा नोंदीने हा आकडा कायमचा फुगतो. संशय असेल तर रोख प्रवाह पत्रकात यंत्रसामग्रीवरचा खर्च पाहावा. क्षमता वाढलेली नसताना तो दरवर्षी वाढत असेल, तर दुरुस्ती कुठे नोंदली जाते हे विचारायला हवे.

भाड्याचेही असेच आहे. या कारखान्याच्या शेडचे वर्षाचे भाडे 36 लाख आहे आणि ते एबिटडाच्या आधी वजा होते. शेजारच्या गाळ्यातील कारखानदाराने तशीच शेड कर्जाने विकत घेतली असेल, तर त्याचे व्याज आणि घसारा दोन्ही एबिटडाच्या खाली जातात आणि तो 36 लाखांनी सरस दिसतो. इंड एएस ही नवी भारतीय लेखा मानके लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांत 1 एप्रिल 2019 पासून मानक 116 मुळे बहुतेक दीर्घकालीन भाडेही घसारा आणि व्याज म्हणूनच दाखवले जाते. त्या वर्षी अशा अनेक कंपन्यांचा एबिटडा वाढला. त्यांचा धंदा मात्र होता तसाच होता. लहान कंपन्यांना जुनी मानके लागू असल्यामुळे भोसरीतील कारखान्याच्या एबिटडाची तुलना एखाद्या सूचीबद्ध कंपनीशी थेट करता येत नाही.

मालकांनी सावध का राहावे, याचा अनुभव याच कारखानदारांना काही महिन्यांनी आला. एका मोठ्या उद्योगसमूहाने कारखाना विकत घेण्यात रस दाखवला आणि एबिटडाच्या पाचपट किंमत बोलली. कारखानदारांनी मनात लगेच 9 कोटी धरले आणि घरी तसे सांगितलेही. परंतु ती किंमत पूर्ण व्यवसायाची होती, भागधारकांच्या हातात पडणारी नव्हती. तिच्यातून कर्ज आधी फिटते. 4 कोटी 36 लाख वजा केले की 4 कोटी 64 लाखच उरतात.

मग घेणाऱ्यांच्या लेखापरीक्षकांनी एबिटडा तपासायला घेतला. स्पिंडलचे 6 लाख त्यांनी खर्चात परत टाकले, कारण बारा मशीनच्या कारखान्यात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्पिंडलचे काम निघतेच. दोघे भाऊ मिळून कारखाना सांभाळतात आणि नाममात्र पगार घेतात. त्यांच्या जागी उत्पादन आणि विक्री पाहणारे दोन व्यवस्थापक नेमायचे झाले, तर वर्षाला 24 लाख जास्त लागतील असे त्यांनी मांडले. एबिटडा 1 कोटी 50 लाखांवर आला आणि पाचपट म्हणजे 7 कोटी 50 लाख झाले. कर्ज वजा जाता 3 कोटी 14 लाख उरले. शेवटी सात नंबरचे मशीन लगेच बदलावे लागणार म्हणून आणखी 40 लाख कापले आणि प्रस्ताव 2 कोटी 74 लाखांवर थांबला.

धाकट्या भावाला ही फसवणूक वाटली. मला तसे वाटले नाही आणि मी त्यांना ते स्पष्ट सांगितले. प्रत्येक वजावटीमागे कारखान्यातील एक खरा खर्च होता. पगाराच्या बाबतीत तर इतकी वर्षे स्वतःच्या श्रमाचे मोल न लावता दोघांनी एबिटडा उचलून धरला होता. घासाघीस करण्यासारखी एकच जागा होती. सात नंबरचे मशीन नवे आले की रिजेक्शन कमी होईल आणि त्या बचतीने एबिटडा वाढेल, म्हणजे मशीनची पूर्ण किंमत कापायची आणि त्यातून होणारी वाढ मात्र हिशेबात धरायची नाही, असा तो दुहेरी फटका होता. त्या मुद्द्यावर घेणारे 40 लाखांवरून 25 लाखांवर आले.

भावांनी तूर्त विक्री थांबवली आहे. आता दर महिन्याच्या पाच तारखेला थोरले भाऊ एका कागदावर पाच रकमा लिहितात: ग्राहकांकडे अडकलेले पैसे, साठा, त्या महिन्याचा हप्ता आणि व्याज, यंत्रांवरचा खर्च आणि सीसीत उरलेली जागा. एबिटडा ते सगळ्यात वर लिहितात, कारण बँक तोही विचारते.